मेल गेला, पण गाडी निघाली का?

*मी ३९ वर्षांचा. इंदुरातल्या एका केंद्रीय कार्यालयाच्या भांडार-खरेदी विभागात चौदा वर्षं काढली. चार महिन्यांपूर्वी राजीनामा देऊन पीथमपूरला पंप बनवणाऱ्या एका खाजगी कंपनीत असिस्टंट मॅनेजर, परचेस म्हणून लागलो. प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे. आमचं बिडाचं हाउसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतं, रोज ५० नग लागतात. गेल्या महिन्यात गुरुवारी सकाळी सिस्टीममध्ये ३०० नग होते. सोमवार, गुरुवार आणि शनिवार, तीन वेळा स्मरणपत्राचा मेल केला. गाडी शनिवारी रात्री निघाली. तरी मंगळवारी पावणेबाराला असेंब्ली थांबली ती बुधवारी सकाळी अकराला सुरू झाली. मी मेलच्या प्रती काढून दाखवल्या तर प्लांट हेड सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हारे मेल से लाइन चलेगी क्या?" शिवाय वर्षाचं बचतीचं टार्गेट २४ लाख, आतापर्यंत झाले दोन. माझी चूक नक्की कुठे झाली तेच कळत नाही. आई म्हणते परत जायचं बघ. जमेल का? — अ. दे., लोकमान्य नगर, इंदूर*

नमस्कार अ. दे.,

तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी एक कागद घेतला आणि गुरुवारपासूनचे आकडे मांडले. तुमची चूक त्या आकड्यांतच आहे, आणि ती तुम्हाला वाटते त्याहून लहान आहे.

गुरुवारी सकाळी ३०० नग, रोजचे ५०. गुरू, शुक्र, शनी, सोम, मंगळ, बुध. म्हणजे माल बुधवारी संध्याकाळपर्यंत पुरायला हवा होता. गाडी शनिवारी रात्री कोल्हापुरातून निघाली, आठशेच्या वर किलोमीटर आहेत, तिसऱ्या दिवशी म्हणजे मंगळवारी रात्री पोचली. बुधवारी तपासणी झाली असती, गुरुवारी सकाळी नवा माल लाइनवर. शनिवारी मेल करून तुम्ही घरी निवांत गेला असाल तर त्यात काही गैर नव्हतं, तुमच्या हिशोबानं गाडी वेळेत होती.

पण लाइन मंगळवारी पावणेबाराला थांबली. साडेआठची पाळी, आठ तासांचं काम, ५० नग. पावणेबारापर्यंत साधारण २० नग लागतात. त्याआधीच्या चार दिवसांचे २००. म्हणजे गुरुवारी सकाळी वापरण्याजोगे नग २२० होते. मग ८० कुठे गेले?

मी पैजेवर सांगतो, ते स्टोअरमध्येच होते आणि त्यांच्यावर पिवळी किंवा लाल चिठ्ठी होती. तुमच्याकडे एसएपी असेल तर `MB52` उघडून बघा. तिथे साठा एकाच आकड्यात येत नाही, वेगवेगळ्या रकान्यांत येतो: एक मोकळा म्हणजे अनरिस्ट्रिक्टेड, एक क्वालिटी इन्स्पेक्शनमधला, एक ब्लॉक्ड. दुसरी कुठली सिस्टीम असेल तरी हे भेद असतातच. बिडाच्या ओतकामात ब्लो होल, म्हणजे आत हवा अडकून राहिलेली पोकळी, निघणं हे रोजचं. मागच्या गाडीतले ८० नग क्वालिटीवाल्यांनी अडकवून ठेवले असणार, आणि तुम्ही बेरीज पाहिली. सरकारी भांडारात आपण काय बघायचो? स्टॉक रजिस्टरातली शिल्लक. जागेवर ३०० नग मोजून भरले की वार्षिक पडताळणीत सही. तिथे प्रश्न असायचा माल आहे की नाही. इथे प्रश्न असतो उद्या सकाळी पंपात बसवता येईल का, आणि त्याचं उत्तर रजिस्टरात नसतं, ते क्वालिटीच्या इन्स्पेक्टरकडे असतं. रोज सकाळी मीटिंगच्या आधी त्याच्या टेबलावर दोन मिनिटं उभं राहायचं. माझ्या नोकरीत याहून जास्त फायद्याची दोन मिनिटं मी दुसरी कुठली घालवली नाहीत.

मीही तुमच्याच वाटेनं आलेला. सरकारी खरेदीत अकरा वर्षं, मग राऊच्या पुढे कंपनीच्या बसनं सतरा वर्षं. म्हणून मेलच्या प्रतींबद्दल जरा मोकळेपणानं बोलतो.

तुम्ही प्रती काढल्या तेव्हा प्लांट हेड का भडकले हे तुम्हाला आजही अन्यायाचं वाटत असेल. आपल्या जुन्या कामात स्मरणपत्र हेच काम होतं. पुरवठादारानं उशीर केला तर फाइलवर पहिलं, दुसरं, तिसरं स्मरणपत्र लागलेलं हवं, मग नोटीस, मग करारातल्या कलमाप्रमाणे विलंबाची कपात. दोन-तीन वर्षांनी ऑडिट पॅरा आलाच तर विचारायचे, तुम्ही नियमाप्रमाणे पाठपुरावा केला का? प्रती दाखवल्या की आपण सुटलो. ही पद्धत वेडेपणाची नव्हती. सार्वजनिक पैसा आहे, कोणी कुणाला उगाच झुकतं माप देऊ नये, म्हणून तिथे माणसापेक्षा कागदावर भरवसा ठेवतात. तिथली जबाबदारी उशिरा येते आणि पाच सह्यांमध्ये वाटली जाते.

इथे ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला येते आणि एकट्याच्या नावावर येते. हाउसिंग म्हणजे तुम्ही. तुमच्या प्लांट हेडनं प्रती पाहिल्या तेव्हा त्यांना काय दिसलं? की या माणसाला सोमवारपासून शंका होती, तीन वेळा त्यानं ती लिहूनही काढली, आणि ज्यांना काही करता आलं असतं त्यांना मात्र सांगितली नाही. तुमच्या बचावाचा कागद त्यांच्या नजरेत आरोपपत्र ठरला.

आता त्या गुरुवारी काय करता आलं असतं ते बघू. पुढच्या वेळी हाच हिशोब तुम्हाला कुठल्याही मालासाठी मांडता आला पाहिजे.

पूर्ण गाडीला तीन दिवस, उतरवून तपासायला एक. चार दिवस. हातात मोकळे २२०, म्हणजे चार दिवस आणि सकाळचे तीन तास. मधला रविवार गाडीला चालतो, असेंब्लीला सुटी, म्हणून एक दिवस पदरात पडतो. गुरुवारी संध्याकाळी गाडी निघाली असती तर रविवारी रात्री पीथमपूर, सोमवारी तपासणी, मंगळवारी सकाळी लाइनवर. अगदी काठावर, पण लाइन थांबली नसती. म्हणजे पूर्ण गाडीची तुमची शेवटची घंटा गुरुवारी संध्याकाळी वाजली.

त्यानंतरही एक रस्ता उरला होता. शंभर नग वेगळे काढून छोट्या गाडीनं सरळ मागवायचे. हाउसिंग १८ किलोचं धरलं तर १,८०० किलो, दोन दिवसांची बेगमी. अशी गाडी वाटेत दुसरा माल भरत नाही, दीड दिवसात येते. शनिवारी दुपारी निघाली असती तर रविवारी रात्री उशिरा किंवा सोमवारी पहाटे दारात. ज्या शनिवारी तुम्ही तिसरा मेल केलात त्या शनिवारी दुपारपर्यंत हा रस्ता उघडा होता. भाडं जास्त पडलं असतं, समजा २८ हजार. लाइन थांबली किती? मंगळवारी जेवणाची सुटी वगळून पावणेपाच तास, बुधवारी अडीच. सव्वासात तास, म्हणजे ४५ पंप. एका पंपामागे कंपनीला दीड हजार सुटतात असं धरा, ६७ हजार गेले. बसून राहिलेल्या माणसांची मजुरी मी धरलेलीच नाही. तुमच्या कंपनीचे खरे आकडे कॉस्टिंगवाल्यांकडून घ्या. एका तासाच्या थांब्याची किंमत खरेदीतल्या माणसाला तोंडपाठ हवी, कारण जादा भाडं द्यायचं की नाही याचं उत्तर तिच्यातच असतं. सरकारी खरेदीत २८ हजारांचं जादा भाडं म्हणजे महिनाभर स्पष्टीकरणं. इथे ते न दिल्याबद्दल बोलणी बसतात.

तिसरा रस्ता तुमच्या हातात नव्हता, पण माहीत असायला हवा होता. प्लॅनिंगवाल्याला गुरुवारी सांगितलं असतं तर त्यानं सोम-मंगळवारी दुसरं मॉडेल लावलं असतं, ज्याला हे हाउसिंग लागत नाही. त्याला मंगळवारी पावणेबाराला कळून काय उपयोग? लाइन बदलायलाच त्याचा अर्धा दिवस जातो.

हे तिन्ही रस्ते गुरुवारी सकाळच्या मीटिंगमध्ये चाळीस सेकंदांत सांगता आले असते. तुम्ही बहुधा म्हणालात, "रिमाइंडर भेजा है, जल्दी आ जाएगा." हे वाक्य कायमचं सोडा. त्याऐवजी असं बोला: "हाउसिंगचे मोकळे २२० आहेत, मंगळवारी दुपारी संपतील. कोल्हापूरची गाडी आज संध्याकाळी निघाली तर वाचतो. सहा वाजता सांगतो. नाही निघाली तर शंभर नग वेगळ्या गाडीनं आणावे लागतील, २८ हजार जादा, त्याची मंजुरी आत्ता द्या." किती आहेत, कधी संपतील, मी काय करतोय, तुमच्याकडून काय हवं. हिंदीतच बोला, नाहीतरी मीटिंग हिंदीत असते. आणि सहा वाजता खरंच सांगा, गाडी निघाली नसेल तर जास्तच आठवणीनं. वाईट बातमी आणणाऱ्याला सरकारात बसवून ठेवतात, म्हणून आपल्याला ती शेवटपर्यंत दाबायची सवय लागलेली असते. खाजगीत चार दिवस आधी आलेल्या वाईट बातमीवर कुणी फारसं ओरडत नाही. ओरडले तरी तो राग दुपारच्या चहापर्यंत टिकतो.

एक गोष्ट मला पत्रात कुठेच दिसली नाही, ती म्हणजे फोन. तीन मेल, पण फाउंड्रीला एकही फोन नाही. कारण मला ठाऊक आहे. सरकारी खरेदीत पुरवठादाराशी फोनवर बोलणं म्हणजे संशयाला जागा. माझा जुना अधिकारी तर पुरवठादार खोलीत आला की दार उघडं ठेवायला सांगायचा. ती सवय अंगात मुरते. पण मेलला "लवकरच पाठवतो" असं उत्तर देणारा माणूस फोनवर तेच खोटं तितक्या सहज बोलत नाही. आणि फोन मालकाला करायचा नाही, डिस्पॅचवाल्याला करायचा. मालक सांगतो "हो हो, आज निघेल." डिस्पॅचवाल्याला विचारायचं, गाडीचा नंबर काय, भरली का, ई-वे बिल निघालं का. गाडी ठरलीच नसेल तर या तीन प्रश्नांत ते उघडं पडतं. तुमचं तर नशीब बघा, तुमची फाउंड्री कोल्हापुरात. प्लांटमधल्या बाकीच्यांना त्या माणसाशी हिंदीत अडखळत बोलावं लागतं, तुम्ही "काय भाऊ, गाडी भरताय ना?" असं सरळ विचारू शकता. एवढं भांडवल हाताशी असून मेल कशाला करत बसलात?

फोनवर आणखी एक गोष्ट कळते, जी मेलमध्ये कुणी लिहीत नाही. माझ्या तिसऱ्या महिन्यात हेच झालं होतं. फाउंड्री वेगळी, माल वेगळा. चार मेल करून झाले, शेवटी फोन लावला. डिस्पॅचचा पोरगा आवाज खाली करून म्हणाला, "साहेब, माल तयार आहे. शेठ म्हणतात मागची दोन बिलं आल्याशिवाय गाडी सोडू नका." दोन बिलं आमच्याच अकाउंट्समध्ये अडकली होती, कारण गेटवरच्या पावतीत आणि चलनात सात नगांचा फरक होता आणि तो कुणी मिटवला नव्हता. मी पुरवठादाराला स्मरणपत्रं पाठवत होतो आणि गाठ आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा खुर्चीवरून उठून अकाउंट्समध्ये गेलो. सरकारात एका विभागातून दुसऱ्यात फाइल जाते. इथे स्वतःला जावं लागतं.

तुमच्या बाबतीतही बिलं तपासाच, आणि नेमकं इथेच तुमची चौदा वर्षं कामी येतील. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे गेलं की चक्रवाढ व्याज. याहून कंपनीला बोचतं ते आयकराचं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये एच हे उपकलम आलं आणि २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून लागू झालं. या मुदतीबाहेर थकवलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, कंपनीला खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही. मार्चअखेर थकलेली बिलं तेवढा नफा फुगवतात आणि त्यावर कर भरावा लागतो. अकाउंट्सचा मॅनेजर "फाउंड्रीवाला नाराज आहे" यानं हलत नाही. फाउंड्रीचं उद्यम प्रमाणपत्र आणि माल स्वीकारल्याची तारीख घेऊन गेलात की तो स्वतः सहीला फाइल पुढे सरकवतो. नियम वाचून तो योग्य टेबलावर ठेवणं खरेदीतल्या पोरांना येत नाही, त्यांना फक्त भाव करता येतो. प्लांट हेडना हे एकदा दिसू द्या.

आता उलट्या बाजूचा धोका. इतकं ऐकून घेतल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी गेलो होतो. सहाव्या महिन्यात आपण किती चपळ झालो हे दाखवायचं होतं, म्हणून एका पुरवठादाराला फोनवरच सांगितलं, दोन टन पट्टी पाठव, लेखी ऑर्डर म्हणजे पीओ मागून देतो. पट्टी आली, तोवर प्लॅनिंगनं मॉडेल बदललं. पीओ नाही म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, होईना, जीआरएन नाही म्हणून बिल बुक होईना, आणि गेटच्या आत दोन टन पट्टी पावसात भिजत पडलेली. अंतर्गत ऑडिटनं विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? माझ्याकडे एक ओळही लिहिलेली नव्हती. सरकारी फाइलला मी नावं ठेवत होतो, त्या दिवशी तिची फार आठवण आली. म्हणून आधी फोन, आणि त्याच तासात दोन ओळींचा मेल: "आत्ता बोललो त्याप्रमाणे शंभर नग शनिवारी दुपारी वेगळ्या गाडीनं, जादा भाडं अमुक, मंजुरी अमुक साहेबांची." मेल लिहायचाच, फक्त तो झालेल्या कामाची नोंद म्हणून.

त्याबरोबर एक कागद मागून घ्या. बऱ्याच कंपन्यांत तो असतो, पण नव्या माणसाला कुणी देत नाही. कुणी किती रकमेपर्यंत सही करायची याचा तक्ता, डेलिगेशन ऑफ पॉवर म्हणतात. तुमच्या हुद्द्याला जादा भाडं कितीपर्यंत, पीओ कितीपर्यंत, दर किती टक्क्यांपर्यंत. मर्यादेच्या आतलं असेल तर विचारत बसू नका, करा आणि कळवा. तिथेही "कृपया मंजुरी द्यावी" म्हणून वर पाठवलंत तर साहेबांना वाटतं हा माणूस जबाबदारी झटकतोय. मर्यादेबाहेरचं असेल तर शिफारशीसकट वर न्या: माझं मत हे, कारण हे, हो म्हणा. "योग्य तो निर्णय व्हावा" हा शब्दप्रयोग जुन्या कार्यालयातच ठेवून या.

टार्गेटचं आता. २४ लाख म्हणजे आठ कोटींच्या खरेदीवर तीन टक्के असणार. चार महिन्यांत दोन लाख, म्हणून तुम्ही घाबरलात, कारण मनात वाटणी दरमहा दोन लाख अशी केली आहे. खरेदीची बचत अशी सारखी येत नाही. समजा तुम्ही हाउसिंगसाठी दुसरी फाउंड्री शोधलीत, नगामागे १५ रुपये स्वस्त. महिन्याला १,२०० नग, १८ हजार रुपये वाचले. पण आज सुरुवात केली तर पॅटर्न बसवणं, नमुन्याचे नग, त्यांचं मशिनिंग, क्वालिटीची मंजुरी, छोटी पहिली खेप, यात तीन महिने सहज जातात. वर्षाचे आठ महिने उरले, त्यातले पाचच हाती येतील: ९० हजार. अख्ख्या हाउसिंगवर एवढीच. आणि इथे सरकारी निविदेतला एल-वन डोक्यात ठेवून सगळ्यात कमी दराची फाउंड्री उचललीत तर पंचाईत. ब्लो होल मशिनिंग केल्यावर दिसतं. ओतकामाचे पैसे फाउंड्री परत देते, पण त्यावर आपण केलेल्या मशिनिंगचे पैसे सहसा देत नाही. शंभरात सहा नग असे गेले आणि मशिनिंगचा खर्च नगाला १२० असेल तर चांगल्या नगामागे साडेसात-आठ रुपये तिथेच गेले, वाचवलेल्या पंधरातले निम्मे.

म्हणून आधी फायनान्सला एकच गोष्ट लेखी विचारा: बचत कशाशी तुलना करून मोजणार? मागच्या वर्षीच्या शेवटच्या दराशी, की सरासरी दराशी? पिग आयर्न आणि भंगार उतरलं की ओतकामाचा दर आपोआप उतरतो. ती घट तुमची धरणार का? बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत. मग भाव चढला तर तोही तुमच्या माथी मारू नये, एवढं आत्ताच ठरवून घ्या. नंतर एक पान करा. कुठल्या मालात, कुणाकडून, कितीची बचत, कुठल्या महिन्यापासून. त्याची बेरीज २४ न होता १३ झाली तर १३ लिहा आणि पुढच्या आठवड्यात ते पान घेऊन साहेबांकडे जा. पाचव्या महिन्यात "एवढंच दिसतंय, उरलेल्याला तुम्ही दिशा द्या" असं म्हणणाऱ्याशी ते वाटाघाट करतात. मार्चमध्ये तेच म्हटलं तर ऐकून घेत नाहीत. सरकारात उद्दिष्ट वरून येतं आणि आपण ते "साध्य" असं भरून पाठवतो, त्यावर कुणी भांडत नाही. इथे भांडायचं असतं, फक्त आकडे घेऊन आणि वेळेत.

हीच भेट प्रोबेशनसाठीही वापरा. दोन महिने उरलेत. विचारा की कायम करताना कुठले दोन-तीन आकडे बघणार: लाइन थांबण्याचे तास, वेळेत आलेल्या मालाचं प्रमाण, बचत. जे सांगतील ते त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा.

एक पारख तुमच्याकडे ठेवतो. सगळा दोष तुमच्यातच आहे असं मी म्हणत नाही. काही कंपन्यांत जबाबदारी नावावर देतात आणि अधिकार खिशात ठेवतात. समजा, पुढच्या अशा गुरुवारी तुम्ही आकडे, तारीख आणि पर्याय सांगितलेत, २८ हजारांची मंजुरी मागितलीत, आणि "देखते हैं" म्हणून कुणी काही केलं नाही. असं एकदा होऊ शकतं. दोन महिन्यांत तीनदा झालं, आणि मंगळवारी पुन्हा तुम्हालाच उभं केलं, तर ती जागा तुमच्यासाठी नाही. पीथमपूरला, देवासला, सांवेर रोडला कारखाने आहेत. तोवर हे सगळं शिकलेला माणूस म्हणून तुम्ही दुसरीकडे जाल, पळून आलेला म्हणून नाही.

परत जाण्याचं म्हणाल तर आईंना समजावून सांगा. केंद्र सरकारच्या नियमांत राजीनामा मागे घ्यायची सोय आहे, पण खाजगी व्यापारी कंपनीत नोकरी धरण्यासाठी दिलेला राजीनामा मागे घेऊ देत नाहीत. ते दार बंद आहे असंच धरून चाला. चौदा वर्षांत एनपीएसमध्ये जमलेले पैसे कुठे जात नाहीत, तुमचा प्राण हा खाते क्रमांक तोच राहतो. कंपनीनं कॉर्पोरेट एनपीएस घेतलं असेल तर एचआरला तोच क्रमांक जोडायला सांगा, नसेल तर स्वतःपुरतं सर्वसामान्य नागरिकाचं खातं म्हणून तो चालू ठेवता येतो. हे काम चार महिने झाले तरी तुम्ही केलेलं नसणार, मीही दोन वर्षं पीएफचे कागद तसेच ठेवले होते.

उद्या सकाळी बस लागली की आधी क्वालिटीच्या टेबलावर जा आणि त्या ८० नगांचं पुढे काय झालं ते विचारा. ते अजून तिथेच पडून असतील तर फाउंड्रीला परत पाठवायचं चलन तुम्हालाच करायचं आहे.